मध्यस्थीनंतर दोन सहकाऱ्यांमधला लेखी करार कसा तयार करावा

कार्यालयात किंवा महाविद्यालयात दोन व्यक्तींचे बिनसले, कोणीतरी त्यांना समोरासमोर बसवले, बोलणे झाले आणि दोघांनीही "आता पुन्हा असे होणार नाही" असे सांगितले, की मध्यस्थी संपली असे समजण्याची चूक नवीन मध्यस्थ हमखास करतात. त्या क्षणी दोघांच्याही मनात "असे" म्हणजे नेमके काय, याचे चित्र वेगवेगळे असते. पुढच्या पंधरा दिवसांत पहिला प्रसंग घडला की एकजण म्हणतो, "तू शब्द मोडलास", आणि दुसरा प्रामाणिकपणे म्हणतो, "मी हा शब्द दिलाच नव्हता." लेखी करार करायचा तो या प्रसंगासाठी. त्यामुळे करार लिहिताना प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचारत राहावा लागतो: त्या खोलीत नसलेली तिसरी व्यक्ती हे कलम वाचून, ते पाळले गेले की नाही हे सांगू शकेल का?

पुढे जो क्रम दिला आहे तो मानव संसाधन विभागात, विद्यार्थी समुपदेशन कक्षात किंवा वसतिगृहाच्या व्यवस्थापनात नव्याने मध्यस्थीचे काम करू लागलेल्यांसाठी आहे. समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. उदाहरण रचलेले असले तरी त्यातील तक्रारी अशा कामाच्या ठिकाणी नेहमी ऐकू येणाऱ्या आहेत. तालुक्याच्या गावातील एका रुग्णालयाच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत दोन महिला तंत्रज्ञ आहेत. ज्येष्ठ तंत्रज्ञ सकाळी ८ ते दुपारी २ आणि कनिष्ठ तंत्रज्ञ दुपारी २ ते रात्री ८ अशी पाळी करतात. ज्येष्ठ बाईंचे म्हणणे असे की कनिष्ठ रोज उशिरा येते, कामातली चूक दिसली की थेट पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांकडे जाते आणि शिल्लक राहिलेल्या नमुन्यांचे फोटो विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. कनिष्ठ तंत्रज्ञाचे म्हणणे असे की अर्धवट काम आपल्या माथी मारले जाते, रसायनांच्या कपाटाची किल्ली ज्येष्ठ बाई घरी घेऊन जातात आणि रक्त घेण्याच्या खिडकीशी रुग्ण उभे असताना "अगं, तुला एवढंही कळत नाही का?" असे बोलतात.

आधी पाहायचे: हा विषय करारात बसतो का

काही तक्रारी आपसातल्या करारावर मिटवता येत नाहीत, आणि हे बैठकीपूर्वीच ठरवावे लागते. रॅगिंगची तक्रार हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत. तक्रारदार विद्यार्थ्याने "मिटवून टाकू" म्हटले म्हणून संस्थाप्रमुखावरची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. मारहाण, धमकी, जातीवरून केलेला अपमान हे विषयही दोघांमधल्या कागदावर बंद करण्याचे नाहीत. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती अंतर्गत समितीकडेच जाते. २०१३ च्या कायद्यात समेटाची तरतूद आहे, पण तो मार्ग चौकशी सुरू होण्यापूर्वी आणि पीडित महिलेने स्वतः मागितला तरच घेता येतो. पैसे देणे हा त्या समेटाचा आधार होऊ शकत नाही आणि तो समेट समितीनेच नोंदवायचा असतो. विभागप्रमुखाने किंवा वसतिगृहाच्या रेक्टरने अशा प्रकरणात स्वतःच्या पुढाकाराने करारपत्र लिहून घेणे हे मदत वाटले तरी तक्रारदाराचा मार्ग अडवणारे ठरते.

अकरावी-बारावीचे विद्यार्थी असतील तर आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. अशा ठिकाणी कागदाला "करार" न म्हणता "वर्तनाबाबत ठरलेल्या गोष्टींची नोंद" म्हणावे, पालकांना माहिती द्यावी आणि त्यांच्या सह्या घ्याव्यात. ती नोंद शिक्षकांना आणि मुलांना मार्गदर्शक म्हणून उपयोगी पडते, तिच्यावर कायदेशीर वजन टाकू नये.

आपल्या उदाहरणात यापैकी काहीच नाही. कामाची वाटणी, बोलण्याची पद्धत आणि चुका कळवण्याचा मार्ग एवढाच वाद आहे, आणि हे तिन्ही विषय करारात चांगले बसतात.

तक्रारीखालची गरज आणि कामाची रचना

कलम लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक तक्रारीचा माग काढत तिच्या मुळापर्यंत जावे. या उदाहरणात "ती रोज उशिरा येते" या वाक्याचा माग काढल्यावर असे दिसते की कनिष्ठ तंत्रज्ञ शेजारच्या गावाहून येतात आणि त्यांची एसटी स्टँडवर १:५५ ला लागते. तिथून चालत रुग्णालयात पोहोचायला दहा मिनिटे लागतात. त्याआधीची गाडी सव्वाबाराला पोहोचते. म्हणजे त्या २:०५ ला येतात आणि त्यांना दुसरा सोयीचा पर्याय नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की वेळापत्रकात एक पाळी ज्या मिनिटाला संपते त्याच मिनिटाला दुसरी सुरू होते, त्यामुळे चार्ज देण्या-घेण्यासाठी दोघी एकत्र असतील असा वेळच ठेवलेला नाही. ज्येष्ठ बाई दोनला निघायच्या घाईत असतात, कनिष्ठ धापा टाकत येतात आणि शिल्लक कामाचे बोलणे खिडकीशी, रुग्णांसमोर, चढ्या आवाजात होते.

अशा वेळी दोघींकडून "वेळेवर येईन" आणि "नीट बोलेन" एवढी आश्वासने लिहून घेतली तर करार पहिल्याच आठवड्यात मोडतो, कारण ज्या रचनेमुळे भांडण होते ती जशीच्या तशी राहते. म्हणून मध्यस्थाने येथे थांबून रुग्णालयाच्या प्रशासकांशी बोलावे. समजा प्रशासकांनी असे मान्य केले की रक्त घेण्याची खिडकी ८ ऐवजी ८:३० ला उघडेल, सकाळची पाळी ८:२० ते २:२० आणि दुपारची २:०५ ते ८:०५ होईल. दोघींचे कामाचे तास तेच राहिले आणि पंधरा मिनिटे दोघीही प्रयोगशाळेत असतील अशी सोय झाली. आता ही प्रशासनाने दिलेली बाब आहे, त्यामुळे ती करारात लिहायची तर प्रशासकांची सहीही त्यावर हवी. तिसऱ्या कोणाच्या कृतीवर अवलंबून असलेले कलम त्याच्या सहीशिवाय लिहिले की ते कोणालाच बांधत नाही. हाच नियम विद्यार्थ्यांच्या बाबतीत मित्रांना लागू होतो. "माझे मित्र तुला काही बोलणार नाहीत" असे कलम लिहिता येत नाही, पण "मी हा विषय मित्रांच्या ग्रुपमध्ये काढणार नाही, आणि कोणी माझ्यासमोर काढला तर 'तो विषय मिटला आहे' एवढेच सांगेन" असे लिहिता येते.

तक्रारीचे कलमात रूपांतर

आता सर्वांत वेळ खाणारे काम येते. "परस्परांचा आदर राखू", "सहकार्याने वागू", "वाद टाळू" ही वाक्ये पहिल्या मसुद्यात आपोआप येतात, कारण ती कोणालाच नाकारता येत नाहीत. नेमके म्हणूनच ती निरुपयोगी असतात. आदर म्हणजे काय हे ठरलेले नसल्यामुळे प्रत्येकजण आपल्या व्याख्येने दुसऱ्याला मोजतो. अशा वाक्यापुढे मध्यस्थाने विचारावे, "समजा पुढच्या सोमवारी दुपारी आदराने वागणे घडले, तर मला खिडकीशी उभे राहून काय दिसेल, काय ऐकू येईल?" याचे जे उत्तर येते ते कलम.

ज्येष्ठ बाईंना विचारले तर त्या सुरुवातीला म्हणतील, "मी वयाने मोठी आहे, चौदा वर्षे इथे आहे, अगं म्हटले तर काय बिघडले?" या म्हणण्याला आपल्याकडे खरेच आधार आहे. वडीलधाऱ्या बाईने लहान बाईला एकेरीत बोलवणे हे बहुतेक घरांत मायेचे असते. पण रुग्णांसमोर तेच "अगं" चुकीच्या उल्लेखाला जोडून आले की ते अधिकार दाखवणारे होते आणि रुग्णाचा त्या तंत्रज्ञावरचा विश्वास उडतो. येथे दोघींना मान्य होईल अशी रेघ स्थळाप्रमाणे आखता येते. रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर किंवा इतर कर्मचारी समोर असताना दोघीही एकमेकींना "तुम्ही" आणि "मॅडम" म्हणतील. आतल्या खोलीत डबा खाताना त्या एकमेकींना काय म्हणतात यात करार पडत नाही. ही रेघ साधी आहे, ती मोडली तर कोणालाही ऐकू येते आणि ज्येष्ठ बाईंच्या आपलेपणालाही जागा राहते.

"आवाज चढवणार नाही" हे कलमही टिकत नाही, कारण आवाज कधी चढला यावर पुन्हा वाद होतो. त्याऐवजी थांबण्याची एक खूण ठरवावी. दोघींपैकी कोणीही "हे आपण आत बोलू" असे म्हटले की विषय तिथेच थांबेल आणि त्याच दिवशी चार्जच्या पंधरा मिनिटांत आतल्या खोलीत बोलला जाईल. या कलमाचा दुसरा अर्धा भाग विसरू नये. थांबवण्याचा हक्क दिला आणि पुन्हा बोलण्याची वेळ ठरवली नाही, तर एकजण दर वेळी विषय टाळण्यासाठी त्या वाक्याचा वापर करू लागतो.

अर्धवट कामाबद्दलचे कलम आकड्यात येते. दुपारी १:३० पर्यंत आलेल्या नमुन्यांची नोंद आणि सेंट्रिफ्यूजपर्यंतचे काम सकाळच्या पाळीत पूर्ण होईल, त्यानंतर आलेले नमुने दुपारच्या पाळीचे. काही कारणाने आधीचे काम राहिलेच तर त्या नमुन्याचा क्रमांक आणि राहण्याचे कारण चार्ज रजिस्टरमध्ये लिहायचे. यंत्र बिघडले, रक्त गोठले, पुन्हा नमुना मागवला ही कारणे कोणालाही समजतात. कारणाचा रकाना कोरा राहिला तर तीही एक माहितीच असते. चार्ज घेताना दोघी रजिस्टरवर सही करतील.

चुका कळवण्याच्या कलमात मात्र मध्यस्थाने स्वतः सावध राहावे. ज्येष्ठ बाईंची मागणी असेल, "काही झाले तरी आधी मला सांगायचे, डॉक्टरांकडे जायचे नाही." ही मागणी जशीच्या तशी लिहिणे धोक्याचे आहे. नळीवर चुकीच्या रुग्णाचे नाव लागले असेल, चुकीचा अहवाल बाहेर गेला असेल, तर डॉक्टरांना त्या क्षणी कळलेच पाहिजे आणि कोणताही करार ते थांबवू शकत नाही. म्हणून विभागणी करावी. रुग्णाच्या तपासणीवर परिणाम होऊ शकणारी चूक लगेच डॉक्टरांना आणि त्याच वेळी दुसरीलाही कळवायची. नोंदीतली त्रुटी, टेबल पुसायचे राहणे, रसायन मागवायचे राहणे अशा गोष्टी आधी एकमेकींना, त्याच दिवशी. आणि कुठलीही चूक फोटो काढून ग्रुपवर टाकायची नाही. कामाच्या ठिकाणी करार करताना सुरक्षिततेच्या, गैरव्यवहाराच्या किंवा कायद्याने सांगितलेल्या तक्रारींचा रस्ता कोणत्याही कलमाने अडत नाही ना, हे मसुदा पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा तपासावे. "यापुढे कोणीही कोठेही तक्रार करणार नाही" हे वाक्य अनेक जुन्या नमुन्यांत सापडते. कायदेशीर मार्गाने हक्क मागण्यास पूर्णपणे मनाई करणारा करार त्या मर्यादेपर्यंत करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे निरर्थक असतो, आणि घाबरलेली व्यक्ती मात्र तो खरा मानून गप्प बसते. ते वाक्य काढून टाकावे.

किल्लीचा प्रश्न एका ओळीत सुटतो: किल्ली प्रयोगशाळेच्या आतल्या खिळ्यावर राहील, घरी जाणार नाही. अशी सोपी कलमे करारात सुरुवातीला ठेवावीत. ती पहिल्या दिवसापासून पाळली जातात आणि अवघड कलमांना थोडा विश्वास मिळतो.

मसुदा लिहिताना काय टाळावे

भूतकाळात कोणाचे चुकले हे करारात लिहू नये. मध्यस्थी हा निवाडा नसतो, आणि "श्रीमती अमुक यांनी उद्धट वर्तन केले होते, ते त्या यापुढे करणार नाहीत" असे वाक्य लिहिले की ती सही कबुलीजबाब होते. काही महिन्यांनी बढतीच्या वेळी तोच कागद बाहेर येतो. माफी मागायची असेल तर ती बैठकीत तोंडी मागू द्यावी, तिचे मोल तिथे जास्त असते. दोघांनीही स्वतःहून म्हटले तरच ती लेखी घ्यावी.

सगळी बंधने एकाच बाजूला पडली आहेत का, हेही पाहावे. प्रत्येक कलमात समान जबाबदारी असायलाच हवी असे नाही, पण एका पक्षाच्या वाट्याला सहा गोष्टी आणि दुसऱ्याच्या वाट्याला "समजून घेईन" एवढेच आले असेल, तर तो करार न राहता समजपत्र झाला. एकूण कलमे सहा-सातच्या पुढे नेऊ नयेत. रोजच्या कामात माणसांना तेवढीच लक्षात राहतात.

मसुदा त्यांच्या भाषेत असावा. "उभय पक्षकार यान्वये मान्य व कबूल करतात की" अशी सुरुवात केली की वाचणाऱ्याला कोर्टाचा कागद हातात आल्यासारखे वाटते आणि तो अर्थ न विचारता सही करतो. बैठकीत त्यांनी वापरलेले शब्दच ठेवावेत. त्या "चार्ज" म्हणत असतील तर "कार्यभार हस्तांतरण" लिहू नये.

आपल्या उदाहरणातील कराराचा मुख्य भाग असा होईल:

"आम्ही दोघी स्वखुशीने पुढील गोष्टी ठरवत आहोत. हा कागद मागे कोणाचे चुकले याबद्दल नाही.

१. रसायनांच्या कपाटाची किल्ली प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीतील खिळ्यावर राहील. ती रुग्णालयाबाहेर नेली जाणार नाही.

२. रोज २:०५ ते २:२० या वेळेत आतल्या खोलीत चार्ज दिला-घेतला जाईल. शिल्लक नमुन्यांचे क्रमांक व कारण, यंत्राच्या त्या दिवशीच्या कंट्रोलचा निकाल, कमी पडत असलेली रसायने आणि सहीसाठी थांबलेले अहवाल या चार गोष्टी रजिस्टरमध्ये लिहून दोघी सही करू. एसटी चुकली किंवा उशीर होणार असेल तर १:३० पर्यंत, आणि वाटेत कळले तर कळताच फोन केला जाईल.

३. दुपारी १:३० पर्यंत आलेल्या नमुन्यांची नोंद व सेंट्रिफ्यूजपर्यंतचे काम सकाळच्या पाळीत होईल. त्यानंतरचे नमुने दुपारच्या पाळीत घेतले जातील.

४. रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर किंवा इतर कर्मचारी समोर असताना आम्ही एकमेकींना 'तुम्ही' व 'मॅडम' म्हणू. कोणीही 'हे आपण आत बोलू' म्हटले की विषय थांबेल आणि त्याच दिवशी चार्जच्या वेळी, ती वेळ टळली असेल तर दुसऱ्या दिवशी चार्जच्या वेळी बोलला जाईल.

५. रुग्णाच्या तपासणीवर परिणाम होऊ शकेल अशी चूक दिसताच डॉक्टरांना आणि एकमेकींना कळवू. इतर त्रुटी आधी एकमेकींना सांगू. त्रुटींचे फोटो किंवा एकमेकींबद्दलचा मजकूर कोणत्याही ग्रुपवर किंवा स्टेटसवर टाकणार नाही.

६. पाळीच्या नव्या वेळा आणि खिडकी ८:३० ला उघडणे प्रशासनाने मान्य केले आहे."

चौथ्या कलमातले "ती वेळ टळली असेल तर दुसऱ्या दिवशी" हे शब्द मसुदा मोठ्याने वाचताना सुचायला हवेत. प्रसंग चार्ज संपल्यानंतर, म्हणजे २:२० च्या पुढे घडला तर काय, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. प्रत्येक कलमाला असे दोन-तीन "पण समजा" विचारून पाहावेत. आजारपण, रजा, बदली कर्मचारी, सणाच्या दिवशीची एकटीची पाळी हे प्रसंग तपासून झाले की पुरे. सगळ्या शक्यता लिहिण्याच्या मागे लागले तर करार नियमावली होऊन बसतो.

कलम मोडले तर काय, हे आधीच लिहावे

बहुतेक करारांत हा भाग नसतो, आणि करार कोसळतात ते याच जागी. दोघींपैकी एकीकडून कधीतरी चूक होणार हे गृहीत धरूनच लिहावे. पहिल्या चुकीला थेट मोठी शिक्षा ठरवली तर ज्याची चूक झाली तो ती लपवतो आणि ज्याच्याबाबतीत झाली तो शिक्षेच्या ओझ्याने बोलत नाही. त्यामुळे पायऱ्या लहान ठेवाव्यात.

आपल्या उदाहरणात सातवे कलम असे होईल: कोणाला कलम मोडल्यासारखे वाटले तर दोन कामाच्या दिवसांच्या आत तिने दुसरीला चार्जच्या वेळी तोंडी सांगावे. सांगताना कोणत्या दिवशी, किती वाजता, काय घडले आणि ते कोणत्या कलमाचे, एवढेच बोलावे. ऐकणारीने उत्तर त्याच वेळी द्यायचे बंधन नाही, पण दुसऱ्या दिवसापर्यंत द्यावे. तेवढ्याने सुटले नाही किंवा तेच कलम पुन्हा मोडले, तर दोघींपैकी कोणीही मध्यस्थाला कळवावे आणि सात दिवसांच्या आत छोटी बैठक व्हावी. तिथेही सुटले नाही तर विषय प्रयोगशाळा प्रमुखांकडे नेहमीच्या पद्धतीने जाईल, आणि तिथे फक्त हा कागद दाखवला जाईल, बैठकीत कोण काय बोलले ते सांगितले जाणार नाही.

हा शेवटचा भाग गोपनीयतेचा आहे. बैठकीत माणसे मोकळेपणाने बोलतात ते तिथले बोलणे बाहेर जाणार नाही या भरवशावर. कराराचा मजकूर कोण कोण पाहू शकेल हे नावानिशी किंवा पदानिशी लिहावे. मध्यस्थाने घेतलेल्या टिपणांचे काय होणार तेही सांगावे. सह्या झाल्यावर ती टिपणे दोघांसमोर फाडून टाकणे ही मला योग्य वाटणारी पद्धत आहे. कोणाच्या जिवाला धोका असल्याचे कळले तर गोपनीयता राहणार नाही, हा अपवाद बैठकीच्या सुरुवातीलाच सांगितलेला असावा.

सही करण्यापूर्वी

मसुदा तयार झाला त्याच बसणीत सही घेण्याची घाई करू नये. तीन तासांच्या बोलण्यानंतर माणूस घरी जाण्यासाठीही सही करतो. एक रात्र जाऊ द्यावी, मसुदा दोघींना घरी न्यायला द्यावा आणि हवे तर विश्वासातल्या एका व्यक्तीला दाखवू द्यावा. फार दिवसही जाऊ देऊ नयेत, कारण मधल्या काळात नवा प्रसंग घडला की सगळे पुन्हा उकरले जाते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

सहीपूर्वी प्रत्येकीला वेगळे भेटून करार तिच्या शब्दांत सांगायला लावावा. ती दुसरीची कलमे भराभर सांगते आणि स्वतःची विसरते असे दिसले, तर करार तिला समजलेला नाही. "मला काय, तुम्ही म्हणाल तिथे सही करते" हे वाक्य ऐकू आले तर पेन बाजूला ठेवावे. ते बहुधा दबावाचे लक्षण असते. नोकरी कायम झालेली नाही, पगारवाढ तोंडावर आहे, समोरची व्यक्ती साहेबांच्या जवळची आहे, असे काहीतरी त्यामागे निघते. ज्याच्या हातात दोघींपैकी एकीचा गोपनीय अहवाल आहे अशा व्यक्तीने मध्यस्थ म्हणून बसूच नये. मुक्त संमती नसेल तर करार कायद्याच्या दृष्टीनेही कच्चा राहतो आणि व्यवहारात तर पहिल्या दिवसापासूनच.

सही प्रत्येक पानावर घ्यावी, तारीख सही करणाऱ्यानेच लिहावी, मध्यस्थाने आपल्यासमोर सह्या झाल्याची नोंद करून सही करावी. मध्यस्थता अधिनियम, २०२३ मध्येही मध्यस्थीतून झालेला समझोता लेखी, पक्षकारांच्या सहीचा आणि मध्यस्थाने प्रमाणित केलेला असावा असेच म्हटले आहे. एक प्रत प्रत्येकीला, एक मध्यस्थाकडे आणि प्रशासकांकडे फक्त सहाव्या कलमाची स्वतंत्र प्रत, एवढे पुरते. सेवापुस्तकात किंवा विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये करार लावू नये, तसे करारातच लिहावे. वर्तनापुरत्या अशा अंतर्गत कागदाला स्टॅम्प पेपर आणण्याचा आग्रह धरू नये. पैशाची देवाणघेवाण किंवा नुकसानभरपाई असेल तर तो भाग वेगळा करून वकिलाला दाखवावा.

आढावा आणि शेवट

कराराला मुदत हवी. बेमुदत करारात माणसाला आपण कायमचे नजरेखाली आहोत असे वाटते आणि तो हळूहळू कागद विसरतो. आपल्या उदाहरणात तीन महिन्यांची मुदत पुरेशी आहे. त्यात पहिला आढावा दोन आठवड्यांनी, दुसरा सहा आठवड्यांनी घ्यावा. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मुदत सत्र संपण्याशी जुळवावी आणि आढावा परीक्षेच्या काळात ठेवू नये.

पहिल्या आढाव्यात "कसे चालले आहे?" असे विचारले तर "ठीक" हे उत्तर येते आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी कलमे एकेक करून वाचावीत आणि चार्ज रजिस्टर समोर ठेवावे. दोघींच्या सह्या किती दिवस आहेत, कारणाचे रकाने भरलेले आहेत का, हे पाहताच बोलणे मुद्द्यावर येते. समजा असे दिसले की मंगळवार आणि शुक्रवारी शिल्लक नमुने जास्त आहेत, कारण त्या दिवशी गरोदर महिलांची तपासणी असते आणि १:३० पर्यंत गर्दी ओसरत नाही. मग त्या दोन दिवसांपुरती वेळ १ वाजेपर्यंत आणावी, बदल करारावर लिहून दोघींनी आद्याक्षरे करावीत. हा करार फसल्याचा पुरावा मानू नये. कामाबद्दलची माहिती आधी अपुरी होती, ती आता मिळाली, एवढेच. कराराबाहेरचे दुखणे आढाव्यात पुढे आले तर ते त्याच बैठकीत न ओढता त्यासाठी वेगळी वेळ द्यावी.

तीन महिन्यांनंतरच्या बैठकीत तीन मार्ग असतात: करार बंद करणे, एखाद-दुसरे कलम प्रयोगशाळेची कायमची पद्धत म्हणून प्रमुखांकडे पाठवणे, किंवा मुदत एकदा वाढवणे. चार्ज रजिस्टरसारखे कलम दोन व्यक्तींच्या करारात अडकून राहण्यापेक्षा सर्वांसाठीचा नियम झालेले बरे, कारण उद्या या दोघींपैकी एकीची बदली झाली तरी दुपारी दोनचा तोच प्रश्न नव्या व्यक्तीसमोर येणार असतो. करार बंद करताना तिन्ही प्रतींवर "मुदत संपली, दोन्ही पक्षांच्या संमतीने बंद" असे लिहून तारीख घालावी आणि मध्यस्थाकडची प्रत किती दिवसांनी नष्ट होईल ते दोघींना सांगावे.